दोन्ही बरोबर, पण कारण लागू पडते का? विधान-कारण प्रश्न सोडवण्याची पद्धत

विधान-कारण प्रश्नात गुण जातात ते बहुतेक वेळा पहिल्या दोन पर्यायांमध्ये. विधान बरोबर आहे हे कळलेले असते, कारणही बरोबर आहे हे कळलेले असते. मग दोन्ही एकाच विषयावर आहेत, वाचायलाही जुळतात, म्हणून पर्याय 1 चे वर्तुळ भरले जाते. उत्तरतालिका आल्यावर कळते की उत्तर 2 होते. अभ्यास कमी पडला असे वाटून तोच धडा पुन्हा वाचला जातो, पण माहिती आधीपासूनच पक्की होती. चूक झाली ती दोन खऱ्या वाक्यांमधले नाते तपासताना, आणि हा लेख त्या तपासणीपुरताच आहे.

## आधी एवढे करून ठेवा

पर्यायांचा क्रम प्रत्येक वेळी वाचा. नेहमीचा क्रम असा असतो: (1) विधान (अ) व कारण (र) दोन्ही बरोबर, आणि (र) हे (अ) चे योग्य स्पष्टीकरण आहे, (2) दोन्ही बरोबर, पण (र) हे (अ) चे योग्य स्पष्टीकरण नाही, (3) (अ) बरोबर, (र) चूक, (4) (अ) चूक, (र) बरोबर. पण काही प्रश्नपत्रिकांत चौथा पर्याय 'दोन्ही चूक' असतो, तर काहींत तिसरा आणि चौथा यांची अदलाबदल असते. यूपीएससीच्या अलीकडच्या पूर्व परीक्षांत हाच प्रकार 'विधान एक' आणि 'विधान दोन' या नावाने येतो, आणि कधी तिसरे विधानही जोडलेले असते. तिथे कोणती विधाने पहिल्याचे स्पष्टीकरण देतात, हे एकेक करून ठरवावे लागते. पद्धत तीच राहते, फक्त ती दोनदा वापरायची.

'स्पष्टीकरण' म्हणजे परीक्षेत काय धरतात ते पक्के करा. विज्ञानात आणि भूगोलात ते बहुधा कार्यकारण असते: अमुक घडते, म्हणून तमुक घडते. राज्यघटनेच्या प्रश्नांत मात्र एखाद्या नियमामागचे तत्त्व किंवा तो नियम ज्या तरतुदीतून निघतो ती तरतूद, हेही स्पष्टीकरण म्हणून चालते. राज्यघटनेच्या प्रश्नात भौतिकशास्त्रासारखे कारण शोधत बसलात तर बरोबर उत्तरही चुकीचे वाटू लागेल.

प्रश्न दोन्ही भाषांत छापला असेल तर दोन्हीकडचा मजकूर वाचा. मराठी भाषांतरात 'मुख्यतः', 'काही अंशी', 'नेहमीच' असे शब्द कधी गळतात, कधी जागा बदलतात. या प्रकारात तेवढ्या एका शब्दावर उत्तर फिरते.

## टप्पा 1: दोन्ही वाक्ये एकमेकांपासून तोडून तपासा

कारणावर हात ठेवा आणि फक्त विधान वाचा. ते बरोबर असेल तर शेजारी खूण करा, चूक असेल तर फुली मारा. मग विधानावर हात ठेवा आणि कारण वाचा. ते वाचताना ते स्वतंत्रपणे छापलेले एक साधे विधान आहे असेच समजा, आणि 'हे खरे आहे का?' एवढेच विचारा.

हे पोरकट वाटेल, पण ते गरजेचे आहे. दोन्ही वाक्ये एका दमात वाचली की एक वाक्य दुसऱ्याला सावरून घेते. विधान ओळखीचे असले की त्याखालचे अर्धवट चुकीचे कारणही खरे वाटते. उदाहरण घ्या.

(अ) महाराष्ट्राच्या पठारावर काळी माती मोठ्या प्रमाणात आढळते.
(र) काळी माती फक्त बेसाल्ट खडकापासूनच तयार होते.

एका दमात वाचले तर उत्तर 1 वाटते. पण कारण एकटे वाचले की 'फक्त' डोळ्यात येतो. तमिळनाडूच्या काही भागांत नाईस आणि शिस्ट या खडकांपासूनही काळी माती तयार झाली आहे. म्हणजे कारण चूक, उत्तर 3. स्पष्टीकरणाचा प्रश्न इथे उरतच नाही.

तपासा: कारणात 'फक्त', 'केवळ', 'नेहमी', 'सर्व', 'कधीच नाही' यांपैकी काही आहे का? असेल तर त्या शब्दाभोवती गोल करा आणि त्या शब्दासकट वाक्य खरे आहे का ते ठरवा.

एकावर जरी फुली आली तरी पुढचे टप्पे सोडा आणि उत्तर भरा. दोन्हींवर बरोबरची खूण आली तरच पुढे या.

## टप्पा 2: विधानाचा 'का' नेमका कशाविषयी आहे ते लिहा

गुण सर्वांत जास्त या टप्प्यावर जातात, कारण तो कुणी करतच नाही. विधान घ्या आणि त्याचा प्रश्न करा: 'असे का?' तो प्रश्न मनात पूर्ण वाक्यात म्हणा. मग कारण वाचा आणि ते याच प्रश्नाचे उत्तर आहे, की शेजारच्या दुसऱ्या प्रश्नाचे, हे पाहा.

(अ) रेपो दर वाढला की बँकांची कर्जे महाग होण्याकडे कल असतो.
(र) महागाई आटोक्यात आणण्यासाठी रिझर्व्ह बँक रेपो दर वाढवते.

दोन्ही वाक्ये खरी आहेत. विषय एक, संस्था एक, 'रेपो दर वाढ' हे शब्दही दोन्हीकडे आहेत. आता विधानाचा प्रश्न करा: रेपो दर वाढल्यावर कर्जे महाग का होतात? कारण सांगते ते वेगळेच: रिझर्व्ह बँक दर का वाढवते. म्हणजे कारणाने विधानाच्या आधीच्या घटनेचे उत्तर दिले. विधानाच्या प्रश्नाला त्याने हातच लावला नाही. उत्तर 2.

आता याच विधानाखाली हे कारण ठेवा: 'रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीसाठी पैसे देते तो दर.' ही नुसती व्याख्या आहे, तरी ती प्रश्नाचे उत्तर देते. बँकेला पैसा महाग पडला की ती तो ग्राहकालाही महाग देते. उत्तर 1. व्याख्या हे कारण असू शकत नाही असा एक समज आहे, तो डोक्यातून काढून टाका. विधानातली घटना त्या व्याख्येतूनच निघत असेल तर व्याख्या हेच स्पष्टीकरण असते.

इशारा: दोन्ही वाक्यांत तेच शब्द पुन्हा आले म्हणून ती जोडलेली आहेत असे समजू नका. प्रश्न काढणारा हे शब्द मुद्दाम ठेवतो.

विधान लांब असेल तर त्यातला कोणता भाग स्पष्ट करायचा आहे तेही ठरवा. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. आता हे विधान पाहा: 'लेहमध्ये उघड्या पातेल्यातले पाणी उकळू लागल्यावरही डाळ शिजायला मुंबईपेक्षा जास्त वेळ लागतो.' कारण असे दिले: 'लेहचे हवामान मुंबईपेक्षा थंड आहे.' थंड हवेत पाणी उकळायला उशीर लागतो हे खरे, म्हणून हे कारण पटते. पण विधान उकळल्यानंतरच्या वेळेबद्दल आहे. 'उकळू लागल्यावरही' या दोन शब्दांनी थंडीचे कारण बाद केले. खरे कारण हवेच्या कमी दाबाचे: तिथे पाणी सुमारे 88 अंश सेल्सिअसलाच उकळते, आणि उघड्या पातेल्यात त्याहून जास्त तापत नाही. ते दोन शब्द विधानात नसते तर हा प्रश्न वादाचा झाला असता.

## टप्पा 3: मधली कडी स्वतः लिहून बघा

बहुतेक मार्गदर्शक पुस्तकांत सांगितलेले असते की दोन वाक्यांमध्ये 'कारण' हा शब्द घालून वाचा, जुळले तर उत्तर 1. हे अर्धेच उपयोगी आहे. 'कारण' घातल्यावर वाक्य विचित्र वाटले तर उत्तर 2, इथपर्यंत ते खात्रीचे आहे. पण वाक्य ठीक वाटले म्हणून उत्तर 1 होत नाही, कारण हा शब्द कोणत्याही दोन वाक्यांना सांधून घेतो.

त्यामुळे 'कारण' घालून वाक्य ठीक वाटले की एक काम आणखी करा. कारणापासून विधानापर्यंत कसे पोहोचायचे, त्याची मधली पायरी कच्च्या कामाच्या जागेत चार-पाच शब्दांत लिहा. मग ती तपासा. मधली पायरी ही कारणाचाच सरळ परिणाम असेल तर उत्तर 1. पण विधान खऱ्या अर्थाने स्पष्ट करणारी गोष्ट तुम्हीच बाहेरून आणून मध्ये ठेवली असेल, तर उत्तर 2 कडे झुका.

काळ्या मातीचेच पाहू.

(अ) उन्हाळ्यात काळ्या मातीला खोल भेगा पडतात.

कारण पहिले: 'काळ्या मातीत ओलाव्याने फुगणाऱ्या आणि वाळल्यावर आकसणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण जास्त असते.' मधली पायरी: उन्हाने वाळते, आकसते, फाटते. सगळे कारणातूनच निघाले. उत्तर 1.

कारण दुसरे: 'काळी माती कापसाच्या पिकाला उपयुक्त आहे.' मधली पायरी लिहायला बसलात तर सुचतच नाही. उत्तर 2, दहा सेकंदांत.

कारण तिसरे: 'महाराष्ट्रातली काळी माती बेसाल्ट खडकाच्या विदारणातून तयार झाली आहे.' इथे थांबावे लागते. मधली पायरी लिहिता येते: बेसाल्टपासून फुगणारी चिकणमाती तयार होते, ती आकसते, भेगा पडतात. पण भेगा ज्या गुणामुळे पडतात तो चिकणमातीचा गुण कारणात कुठेच नाही, तो तुम्ही आणलात. कारणाने मातीचा उगम सांगितला, भेगांचे उत्तर दिले नाही. मी इथे 2 निवडेन.

## टप्पा 4: दिशा तपासा

कारण आधी असते, परिणाम नंतर. हे सगळ्यांना माहीत असते, तरी परीक्षेत परिणाम कारणाच्या जागी बसलेला दिसला की तो सहज निसटतो. दोघांचे नाते अगदी खरे असल्यामुळे शंकाच येत नाही.

(अ) हिवाळ्यात वायव्य भारताच्या भूभागावर हवेचा दाब जास्त असतो.
(र) हिवाळ्यात भारताच्या बऱ्याच भागांत वारे जमिनीवरून समुद्राकडे वाहतात.

नाते आहे, पण उलटे. जमिनीवर दाब जास्त आहे म्हणून वारे समुद्राकडे जातात. दाब जास्त का, याचे उत्तर वेगळे आहे: हिवाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर आणि जास्त थंड होते. उत्तर 2.

तपासा: दोन वाक्यांमध्ये 'म्हणून' घालून दोन्ही बाजूंनी वाचा. '(र), म्हणून (अ)' हे बरोबर वाटते, की '(अ), म्हणून (र)'? दुसरे जास्त बरोबर वाटत असेल तर कारण उलटे बसवलेले आहे.

## टप्पा 5: कारण दुसऱ्या जागी नेऊन बघा

वरचे टप्पे पार करूनही शंका उरली तर ही चाचणी लावा. तुलना करणाऱ्या विधानांत तर ती लावायलाच हवी. एक विधान घेऊन त्याखाली वेगवेगळी खरी कारणे ठेवतो.

(अ) महाबळेश्वरच्या तुलनेत वाईला पाऊस फार कमी पडतो.

विधान खरे आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, वाईला सरासरीने हजारही नाही. रस्त्याने अंतर तीस-बत्तीस किलोमीटर. विधानाचा प्रश्न असा: इतक्या जवळच्या दोन गावांत फरक का? 'वाईला पाऊस किती' हा प्रश्न नाही. हे पक्के धरून एकेक कारण घेऊ.

कारण क: 'नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात.' खरे आहे, आणि पावसाचे मूळही तेच. पण हे बाष्प दोन्ही गावांच्या वाट्याचे आहे. जी गोष्ट दोन्हीकडे सारखी, ती दोघांतला फरक समजावू शकत नाही. उत्तर 2. तुलनेच्या विधानाखाली दोघांना समान असलेले कारण देणे हा या प्रकारातला फार वापरला जाणारा सापळा आहे. विधानात 'पेक्षा', 'तुलनेत', 'अधिक', 'कमी' दिसले की आधी हेच विचारा: हे कारण दोन्हींना लागू आहे का?

कारण ख: 'वाई महाबळेश्वरपेक्षा कमी उंचीवर आहे.' हे दोघांना समान नाही, शिवाय खरेही आहे. 'उंच ठिकाणी पाऊस जास्त' हे शाळेपासून कानावर आलेले असल्यामुळे बरेच जण इथे 1 भरतात. आता हे कारण उचलून दुसरीकडे न्या. उंची कमी म्हणून पाऊस कमी असेल, तर समुद्रकाठच्या रत्नागिरीला वाईपेक्षाही कमी पाऊस पडायला हवा. प्रत्यक्षात रत्नागिरीला वाईच्या कित्येक पट पाऊस पडतो. कारण दुसऱ्या जागी मोडले. म्हणजे नुसती उंची हे स्पष्टीकरण नाही, सह्याद्रीच्या कोणत्या बाजूला आहात हे महत्त्वाचे आहे. उत्तर 2.

कारण ग: 'महाबळेश्वरजवळ उगम पावणारी कृष्णा वाईतून वाहते.' खरे, आणि दोन्ही गावांची नावे आल्यामुळे जोडलेले वाटते. मधली पायरी लिहिता येत नाही. उत्तर 2.

कारण घ: 'मोसमी वारे सह्याद्रीचा पश्चिम उतार चढताना थंड होतात आणि त्यांतल्या बाष्पाचे पावसात रूपांतर होते.' हे खरोखर अवघड आहे. यातून महाबळेश्वरचा जास्त पाऊस पूर्ण समजतो. वाईचा कमी पाऊस मात्र अर्धाच समजतो: बाष्प आधीच गळून गेले, एवढे आपण ओळखायचे. तरीही ही पायरी कारणाचाच सरळ परिणाम आहे, बाहेरून काही आणावे लागले नाही. तुलनेची एक बाजू पूर्ण आणि दुसरी अनुमानाने मिळते. अशा वेळी मी 1 भरेन. पण विधान फक्त 'वाईला पाऊस कमी पडतो' असे असते, तर हेच कारण अपुरे पडले असते, कारण मग विधानाचा पूर्ण भार पूर्व बाजूवर असता.

कारण च: 'घाटमाथा ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा तापते, तिची सापेक्ष आर्द्रता घटते आणि पाऊस पडण्याची शक्यता कमी होते.' वाई पूर्वेला, महाबळेश्वर माथ्यावर. हे कारण एकाला लागू, दुसऱ्याला नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला माण-खटावकडे नेले तरी टिकते. उत्तर 1.

विधान एकच होते, पाचही कारणे खरी होती, तरी उत्तरे दोन प्रकारची आली. म्हणून 'हा प्रश्न मी आधी सोडवलाय' असे वाटले तरी कारण नव्याने वाचा. विधान जसेच्या तसे ठेवून कारण बदलणे परीक्षकाला सर्वांत सोपे असते.

## इतिहास आणि राज्यघटना: दोन वेगळे सापळे

इतिहासात 'त्याच वेळी' म्हणजे 'त्यामुळे' नव्हे. विधान: 1911 मध्ये बंगालची फाळणी रद्द करण्यात आली. कारण: 1911 मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा झाली. दोन्ही खरे, दोन्ही घोषणा दिल्ली दरबारातल्या. पण एकीने दुसरी स्पष्ट होत नाही. फाळणी रद्द होण्यामागे स्वदेशी आणि बहिष्काराच्या चळवळीतून उभा राहिलेला विरोध होता. सनावळी जुळली की हात आपोआप 1 कडे जातो, तेव्हाच स्वतःला विचारा: ही दोन वाक्ये एकमेकांचे कारण आहेत, की एकाच पानावरच्या दोन नोंदी?

राज्यघटनेत एकाच विषयावरचे दोन नियम एकमेकांचे कारण नसतात. विधान: धनविधेयक राज्यसभेत मांडता येत नाही. कारण: राज्यसभेला धनविधेयक 14 दिवसांत परत करावे लागते. दोन्ही तरतुदी अनुच्छेद 109 मधल्या. पण 14 दिवसांची मुदत आहे म्हणून मांडता येत नाही, असे काही नाही. दोन्ही नियम एकाच तत्त्वातून निघतात: पैशाच्या बाबतीत अंतिम शब्द थेट जनतेने निवडलेल्या लोकसभेचा. ते तत्त्व कारण म्हणून दिले असते तर उत्तर 1. नियमाखाली नियम दिला तर 2.

राज्यसभेचेच आणखी एक उदाहरण द्यायलाच हवे, कारण यावर वाद फार होतात. कारण असे: 'राज्यसभेचे सुमारे एकतृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात.' वर विधान 'राज्यसभा हे स्थायी सभागृह आहे' असे असेल, तर कारण लागू पडते: सगळ्यांची मुदत एकदम संपत नाही, म्हणून सभागृह चालूच राहते. पण विधान 'राष्ट्रपती राज्यसभा विसर्जित करू शकत नाहीत' असे असेल, तर तेच कारण लंगडे होते. सदस्य टप्प्याटप्प्याने निवृत्त होत असले तरी तेवढ्याने मधेच विसर्जन करण्यावर बंदी येत नाही. ती बंदी घटनेने अनुच्छेद 83 मध्ये वेगळी घातली आहे. पाठ केलेले उत्तर इथे धोका देते. विधानातले क्रियापद पाहूनच ठरवा.

## शेवटी 1 आणि 2 मध्येच अडकलात तर

पाचही टप्पे प्रत्येक प्रश्नाला लावायला वेळ नसतो, आणि लावायचीही गरज नसते. पहिले दोन टप्पे प्रत्येक प्रश्नाला करा. तिसरा शंका असेल तर, आणि चौथा किंवा पाचवा विधानाच्या रूपावरून: तुलना असेल तर पाचवा, दोन घटना असतील तर चौथा. मिनिटाहून जास्त वेळ जात असेल तर खूण करून पुढे जा.

नकारात्मक गुणांना घाबरून असे प्रश्न कोरे सोडले जातात. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पूर्व परीक्षेत बरोबर उत्तराला 2 गुण आणि चुकीला एकतृतीयांश, म्हणजे सुमारे 0.66 वजा. दोन्ही वाक्ये खरी आहेत याची खात्री असेल, तर तुमच्यासमोर दोनच पर्याय उरलेत. अशा दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक झाला तरी हातात सुमारे 1.34 गुण येतात. म्हणून सोडू नका. पण वाक्यांच्या खरेपणाचीच शंका असेल तर हा हिशेब लागू होत नाही, कारण मग दोन नव्हे, तीन किंवा चार पर्याय शिल्लक असतात.

इशारा: 'अशा प्रश्नांत उत्तर बहुधा 2 असते' किंवा 'बहुधा 1 असते' असले ठोकताळे वापरू नका. एका वर्षाच्या पत्रिकेवरून काढलेला अंदाज पुढच्या वर्षी उलटतो.

## सराव कसा करायचा

नुसत्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून ही नजर येत नाही, कारण प्रत्येक प्रश्नात एकच कारण दिलेले असते. त्याऐवजी जुन्या पत्रिकेतले एक खरे विधान घ्या आणि त्याखाली स्वतः चार खरी कारणे लिहा: एक बरोबर स्पष्टीकरण, एक परिणाम, एक समान घटक, एक शेजारच्या प्रश्नाचे उत्तर. सोबत अभ्यास करणाऱ्याकडे वही द्या आणि कोणते कोणत्या प्रकारचे ते ओळखायला सांगा. फसवे कारण लिहिता येऊ लागले की परीक्षेत तेच कारण लांबून ओळखू येते. आठवड्याला पाच-सहा विधाने पुरतात.

उत्तर चुकले तर वहीत 'चूक' एवढेच लिहू नका, कोणत्या टप्प्यावर चुकले ते लिहा. थोड्याच दिवसांत दिसेल की आपल्या बहुतेक चुका एकाच टप्प्यावर होतात. कुणाला दिशा दिसत नाही, कुणाला 'पेक्षा' दिसत नाही. मग परीक्षेत तेवढ्या टप्प्यावरच जास्त थांबायचे.

आणि पहिल्या उत्तरतालिकेत आयोगाचे उत्तर पटले नाही, तर हरकत नोंदवताना 'दोन्ही विधाने बरोबर आहेत' याचे पुरावे देऊन काही साधत नाही. ते आयोगानेही मान्य केलेले असते. वाद नात्याचा आहे, तेव्हा पुरावाही नात्याचाच द्या: राज्य मंडळाच्या किंवा एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकातले असे वाक्य, जिथे ते कारण आणि ते विधान 'त्यामुळे', 'म्हणून', 'परिणामी' अशा शब्दांनी थेट जोडलेले आहे. तसे वाक्य सापडले तर पान क्रमांकासह लावा. सापडले नाही, उलट पुस्तकात त्या विधानाला वेगळेच कारण जोडलेले असेल, तर आयोगाच्या उत्तराकडे पुन्हा एकदा पाहा.